नव्वदला थरथरतं, साठला गप्प

लोणावळा मागे पडतं, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सपाट होतो आणि घाटातली ६० ची मर्यादा संपून कारसाठी पुन्हा १०० ची पाटी दिसते. चालक वेग वाढवतो. काटा ८० च्या पुढे सरकतो तसं स्टिअरिंग हातात बारीक थरथरायला लागतं. ९० ला थरथर मनगटापर्यंत चढते. चालक पाय सैल सोडतो, गाडी ७० वर येते आणि सगळं शांत होतं. समृद्धी महामार्गावर कारला १२० पर्यंत मुभा आहे. तिथे हीच गाडी ११५ ला नेली, तर थरथर वाढायच्या ऐवजी कमी झाल्याचंही अनेकांना जाणवतं.

शहरात ही गाडी वर्षभर निमूट चाललेली असते, कारण शहरात ती ६० च्या वर जातच नाही. शिवाय खडबडीत रस्त्याच्या धक्क्यांत असली बारीक थरथर हरवून जाते. गुळगुळीत लांब रस्ता मिळाला की ती उघडी पडते. मग चालक गॅरेजमध्ये जाऊन सांगतो, ‘वॉबलिंग मारतंय.’ समोरून ठरलेलं उत्तर येतं, ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाकू.’ पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. पण बॅलन्सिंग एकदा झालं, दोनदा झालं, तरी ९० ला हात थरथरतच राहिले, तर दोष वजनाचा नसून आकाराचा किंवा सांध्यांचा असण्याची शक्यता मोठी असते. या तिन्हींची लक्षणं वेगळी आहेत आणि ती बऱ्याच प्रमाणात चालकालाच, कुठलंही यंत्र न लावता, ओळखता येतात.

आधी वेगाचं कोडं सोडवू. मध्यम आकाराच्या अनेक गाड्यांना १८५/६५ आर १५ मापाचे टायर असतात. अशा चाकाचा घेर दोन मीटरला थोडा कमी भरतो. १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे १४ फेऱ्या मारतं. ५० ला फेऱ्या होतात सात. चाकात काहीही दोष असेल, तर तो प्रत्येक फेरीला एकदा धक्का देतो. म्हणून १०० ला सेकंदाला १४ धक्के बसतात.

आता चाक, हब, ब्रेक आणि आर्म हा पुढचा सगळा जोड खालून टायरच्या हवेवर आणि वरून सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर तोललेला असतो. त्या जोडाला हलायची स्वतःची एक लय असते. बहुतेक कारमध्ये ती सेकंदाला १० ते १५ हेलकाव्यांच्या आसपास येते. झोक्याला त्याच्या लयीत हलकासा हात लावत राहिलं तरी तो उंच जातो, आणि लय सोडून ढकललं तर अडखळतो. चाकाचंही तसंच होतं. ८० ते ११० च्या पट्ट्यात चाकाचे धक्के आणि त्या जोडाची लय जुळतात, म्हणून तिथे थरथर फुगते. त्या पट्ट्याच्या खाली आणि वर ती ओसरते. ठरावीक वेगालाच थरथरणं आणि त्या वेगापलीकडे शांत होणं हे सगळ्यात मोलाचं लक्षण आहे. फिरणारी एखादी वस्तू दोषी आहे, हे त्यावरून कळतं.

पण फिरणाऱ्या वस्तू बऱ्याच आहेत. म्हणून गॅरेजला जाण्याआधी मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागे-पुढे गर्दी नसताना काही गोष्टी नीट पाहून ठेवाव्यात. थरथर हातात आहे की बैठकीत? हातात असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांकडे असतो. सीट आणि पायाखालची जमीन थरथरत असेल, पण स्टिअरिंग शांत असेल, तर मागच्या चाकांकडे पाहावं. ब्रेक दाबल्यावरच थरथर सुरू होत असेल, तर चाकाचं वजन बाजूला ठेवून ब्रेकची डिस्क तपासावी. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिली नसेल, तर प्रत्येक फेरीला पॅड धरतात आणि सोडतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर थरथर वाढते आणि पाय काढताच, वेग तोच असताना, नाहीशी होते, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या बाजूच्या जॉइंटवर संशय घ्यावा. आणि तोच वेग एक गिअर खाली टाकून धरला, तरी थरथर होती तशीच राहिली, तर इंजिन सुटलं, कारण इंजिनाचे फेरे बदलले, चाकाचे बदलले नाहीत.

या चाळणीतून पाहिल्यावर जी गाडी उरते, तिचं स्टिअरिंग ठरावीक वेगाला थरथरतं आणि ब्रेकचा किंवा ॲक्सिलरेटरचा त्यावर काही परिणाम होत नाही. पुढचं सगळं तिच्याविषयी आहे.

पहिला आणि सगळ्यात नेहमीचा संशयित म्हणजे वजनाचा असमतोल. कोणताही टायर किंवा रिम सगळीकडे अगदी सारख्या वजनाची निघत नाही. म्हणून रिमच्या कडेला किंवा आतल्या बाजूला लहान वजनं लावून तोल साधतात. पोलादी रिमला ती ठोकून बसवतात, अलॉय रिमला चिकटवतात. खड्ड्यात गाडी आपटली, नीट न पुसलेल्या जागेवर पट्टी चिकटवली किंवा पाण्याचा जोरदार फवारा नेमका तिच्यावर मारला, की ती निघून पडते. पावसाळ्यात रिमच्या आत चिखल बसून वाळतो आणि तोही वजनासारखंच काम करतो. कच्च्या रस्त्यावरून येऊन हमरस्त्याला लागल्यावर अचानक सुरू झालेली थरथर कधीकधी केवळ रिम आतून धुतल्याने थांबते.

काही ग्रॅमने एवढा फरक पडतो, हे सहज पटत नाही. म्हणून हिशेब मांडू. १५ इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅम जास्त आहेत असं धरलं, तर १०० च्या वेगाला ते ३० ग्रॅम चाकाला साधारण साडेचार किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढतात, आणि ही ओढ सेकंदाला १४ वेळा दिशा फिरवत असते. ५० ला हाच जोर सव्वा किलोच्या आत येतो, कारण तो वेगाच्या वर्गाने बदलतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो. म्हणून निव्वळ असमतोल असलेली गाडी कमी वेगाला जवळजवळ काहीच बोलत नाही आणि ८० नंतर एकदम जागी होते.

बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरवून आत किती ग्रॅम, बाहेर किती ग्रॅम हे दोन आकडे मिळतात. आतले आणि बाहेरचे आकडे वेगळे असणं महत्त्वाचं आहे, कारण रुंद चाक नुसतं वर-खाली उडत नाही, ते डावी-उजवीकडे डोलतंही, आणि स्टिअरिंगपर्यंत पोहोचते ती मुख्यतः ही डोलण्याची हालचाल. यंत्र मात्र सांगितलं तेवढंच जाणतं. यंत्रापासून रिमचं अंतर, रिमची रुंदी आणि व्यास ही तीन मापं चुकीची भरली, तर ते चुकीच्या ठिकाणी चुकीचं वजन मागतं आणि मग स्वतःच शून्य दाखवतं. चाक यंत्रावर कोनच्या आधाराने मध्यावर बसवतात. कोन चुकीचा असेल किंवा मधल्या भोकात गंज साचला असेल, तर चाक यंत्रावर एका मध्याने फिरतं आणि गाडीवर दुसऱ्या मध्याने. यावर एक साधी पडताळणी आहे. यंत्राने शून्य दाखवलं की चाक सैल करायचं, अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसायचं आणि परत फिरवायचं. दुसऱ्यांदाही शून्य किंवा त्याच्या जवळपासचा आकडा आला तर काम बरोबर. १५-२० ग्रॅम आले, तर आधीचं शून्य खोटं होतं. ही पडताळणी करून दाखवा, असं सांगायला कुणीही संकोच करू नये. त्याला दोन मिनिटं लागतात.

एका बाजूला ८०-१०० ग्रॅमची वजनं मागितली जात असतील, तर तिथेच थांबावं. एवढा असमतोल सहसा आपोआप होत नाही. टायर रिमवर नीट बसलेला नाही, टायर आतून खराब झाला आहे किंवा रिम वाकली आहे, यांतलं काहीतरी झालेलं असतं. वजनं चिकटवत गेलं, की यंत्रावर शून्य येतं आणि खरा दोष झाकला जातो.

इथेच दुसरा संशयित पुढे येतो. वाकलेल्या रिमची फसवणूक समजून घेण्यासारखी आहे, कारण याच ठिकाणी सगळ्यात जास्त पैसे आणि फेऱ्या वाया जातात. बॅलन्सिंगचं यंत्र चाक हवेत फिरवतं. चाक गोल आहे की नाही, याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. अंडाकृती चाकाचंही वजन मध्याभोवती बरोबर वाटलं, तर यंत्र शून्यच दाखवणार. रस्त्यावर मात्र चाकावर गाडीचा भार असतो. रिमचा उंच भाग खाली आला की टायर जास्त दाबला जातो, सखल भाग आला की कमी. कारचा टायर एक मिलिमीटर जास्त दाबायला साधारण २० किलो जोर लागतो. म्हणजे चाक एक मिलिमीटरने जरी गोलाईबाहेर असलं, तरी प्रत्येक फेरीत २० किलोच्या आसपास चढउतार होऊ शकतो. रिमची एकच कड वाकली असेल तर टायर त्यातलं पुष्कळसं पोटात घेतो आणि प्रत्यक्ष आकडा कमी भरतो. तरीही मघाच्या ३० ग्रॅमच्या साडेचार किलोंशी तुलना केली, की आकाराचा दोष किती जड जातो हे लक्षात येईल.

दुसरा फरक ओळखीच्या दृष्टीने अधिक कामाचा आहे. असमतोलाचा जोर वेगाबरोबर वाढतो. वाकलेल्या रिमचा हा चढउतार मात्र हळू चालतानाही जवळजवळ तेवढाच असतो. म्हणून वाकलेली रिम ४०-५० लाही स्टिअरिंगला हलका डोल देते, गाडी किंचित लंगडत असल्यासारखी वाटते, आणि ९० ला लय जुळली की तोच डोल थरथर बनतो. निव्वळ असमतोलात असा हळू डोल सहसा जाणवत नाही. याच कारणाने वाकलेल्या रिमचा दोष वजन लावून मिटवता येत नाही. नेमक्या एका वेगाला दोन जोर एकमेकांना मारतील असं वजन कुणी शोधलंही, तरी वेग बदलताच एक जोर बदलेल आणि दुसरा तसाच राहील.

रिम बहुतेक वेळा आतल्या कडेला वाकते, म्हणजे गाडीच्या पोटाकडच्या बाजूला. बाहेरून पाहणाऱ्याला ती निर्दोष दिसते. खोल खड्डा, रस्त्याचा तुटलेला काठ, उंच दुभाजकाची कड आणि त्यातच टायरमध्ये हवा कमी, हे तिला वाकवणारं नेहमीचं मिश्रण आहे. टायरची उभी भिंत जितकी बुटकी, तितका धक्का थेट रिमवर जातो. दिसायला छान म्हणून मूळ मापापेक्षा मोठ्या अलॉय रिम आणि बुटके टायर लावणाऱ्यांच्या वाट्याला हा त्रास लवकर येतो. सोबतीचं आणखी एक लक्षण म्हणजे एकाच चाकातली हवा आठवड्याला थोडी थोडी कमी होणं. टायरमध्ये खिळा नाही, व्हॉल्व्ह ठीक आहे, तरी हवा जाते, तेव्हा वाकलेल्या कडेपाशी टायर नीट टेकलेला नसण्याची शक्यता असते.

तपासायला महागडं काही लागत नाही. सपाट जागेवर हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना अडसर देऊन पुढची बाजू जॅकने उचलावी आणि गाडी घोडीवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये. गिअर न्यूट्रलला ठेवून चाक हाताने फिरवायचं. एखादी जाड तार किंवा काडी शॉकॲब्सॉर्बरला अशी बांधायची, की तिचं टोक रिमच्या आतल्या कडेपासून जेमतेम सुटेल. चाक फिरताना ती फट सारखी राहिली तर रिम सरळ. फट एका जागी मिटली आणि दुसऱ्या जागी उघडली तर रिम बाहेर गेली आहे. वर्कशॉपमध्ये हेच काम डायल गेज लावून करतात. मर्यादा गाडीगणिक थोडी वेगळी असते, पण साधारण एक मिलिमीटरच्या पुढचं डोलणं दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. मग तार टायरच्या नक्षीपाशी धरून तीच तपासणी करायची. रिम सरळ, पण टायर डोलतो, असं दिसलं तर टायरच वाकडा झालेला आहे. त्यातही बाजूला फुगवटा आला असेल, तर आतले धागे तुटले आहेत असं समजावं. अशा टायरवर महामार्गाला जाऊ नये.

एक जागा मात्र पुष्कळदा कुणी पाहतच नाही. चाक ज्या हबवर टेकतं, त्या सपाट तोंडावर गंजाचा किंवा वाळलेल्या मातीचा थर असेल, तर सरळ रिमही तिरकी बसते. तारेच्या ब्रशने ते तोंड घासून मग चाक लावावं. बाजारातून घेतलेल्या अलॉय रिमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल, तर मधली फट भरणारी कडी लागते. ती नसेल तर चाक केवळ नटांवर मध्याला येतं, आणि हवेच्या गनने एकामागून एक नट कसले तर ते मध्याला येतही नाही. नट नेहमी समोरासमोर, थोडे थोडे कसत न्यावेत आणि शेवटचा कस टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला द्यावा.

वाकलेल्या पोलादी रिमला दाबून सरळ करणं बऱ्याचदा जमतं. अलॉयचं तसं नाही. थोडा बाक यंत्रावर हळूहळू काढता येतो, पण ती तडकू शकते, आणि तडा गेलेली रिम वेल्डिंग करून पुन्हा महामार्गावर नेणं हा शहाणपणाचा व्यवहार नाही. ती बदलावी.

तिसरा संशयित म्हणजे झिजलेलं सस्पेन्शन. टाय रॉड एंड, लोअर आर्मचा बॉल जॉइंट, त्याच आर्मचे रबरी बुश, स्टिअरिंग रॅकचे सांधे, व्हील बेअरिंग आणि शॉकॲब्सॉर्बर ही सगळी मंडळी इथे येतात. बेअरिंग सोडलं तर यांतलं काहीही चाकाबरोबर गरगर फिरत नाही. म्हणून हे भाग सहसा स्वतःहून ठरावीक वेगाची थरथर निर्माण करत नाहीत. ते थरथर मोठी करतात. नवीन गाडीत १० ग्रॅमचा असमतोल बुश आणि सांधे गिळून टाकतात, चालकाच्या हातापर्यंत तो पोहोचत नाही. बुश फाटला, सांध्यात प्ले आला, की तेच १० ग्रॅम स्टिअरिंग हलवतात. ‘आधी याच टायरवर काही होत नव्हतं, आता दर दोन महिन्यांनी बॅलन्सिंग लागतं’ अशी तक्रार ऐकली की हे आठवावं.

झिजलेल्या सांध्यांची बोली वेगळी असते. थरथर रोज सारखी नसते. गुळगुळीत रस्त्यावर ९० ला गाडी ठीक चालते, पुलाच्या सांध्यावर किंवा छोट्या उंचवट्यावर चाक आपटलं की थरथर सुरू होते, काही सेकंद चालते आणि विरते. गतिरोधकावरून हळू जाताना पुढून ‘टक’ असा आवाज येतो. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत थोडं थोडं सावरत राहावं लागतं. टायरच्या नक्षीवरून हात फिरवला तर जागोजागी खळगे लागतात, ही खूण बहुधा थकलेल्या शॉकॲब्सॉर्बरची असते. वेगाबरोबर वाढणारी घरघर आणि वळणावर एका बाजूला भार गेला की तिचा बदलणारा सूर, ही बेअरिंगची.

याची तपासणीही हातानेच होते. चाक उचललेलं असताना दोन्ही हातांनी ते डाव्या-उजव्या बाजूंनी, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवायचं. तिथे खटका लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅकचा सांधा. दुसऱ्या माणसाने खाली वाकून सांध्यावर बोट ठेवलं, तर नेमका कोणता हे बोटालाच कळतं. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं. इथे खटका असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. या दोघांत निवड करायला आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खटका नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. बुशसाठी मात्र हात पुरत नाही. लोअर आर्म आणि सबफ्रेममध्ये टॉमी घालून हलकं उचकून पाहावं लागतं. रबर फाटून धातूपासून सुटलेलं असेल तर ते लगेच उघड होतं.

अलाइनमेंटचं काय? अलाइनमेंट म्हणजे चाकं एकमेकांशी आणि गाडीशी कोणत्या कोनात उभी आहेत, याची जुळणी. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग सरळ रस्त्यावर वाकडं राहतं आणि टायर एका कडेने झिजतात. कोन चुकल्याने प्रत्येक फेरीला धक्का बसत नाही, म्हणून ९० च्या थरथरीवर अलाइनमेंट हा इलाज नव्हे. थरथरीची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला केवळ अलाइनमेंट करून परत पाठवणं चूक आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

आता या तिन्हींची गुंतागुंत प्रत्यक्षात कशी सुटते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, पुण्याहून दर पंधरवड्याला कोल्हापूरला जाणारी एक पाच वर्षांची हॅचबॅक आहे, ५५,००० किलोमीटर चाललेली, अलॉय रिमची. पावसाळ्यानंतर तिचं स्टिअरिंग ८५ ते १०० च्या दरम्यान थरथरू लागतं. बॅलन्सिंग होतं. पुढच्या डाव्या चाकाला आतून ३५ ग्रॅम आणि उजव्याला २० ग्रॅम लागतात. थरथर निम्मी होते, जात नाही. दुसऱ्या दुकानात यंत्र दोन्ही चाकांना शून्य दाखवतं. तिथे अलाइनमेंट होते. थरथर कायम.

आता चालकाने नीट निरीक्षण करायचं ठरवलं, तर त्याच्या हाती काय लागतं? थरथर हातात आहे, सीटमध्ये नाही. ब्रेकने फरक पडत नाही, ॲक्सिलरेटर सोडल्यानेही नाही. ४५ ला बारीक डोल आहे, तो आधी दुर्लक्षिला गेला होता. पुढच्या डाव्या चाकात महिन्याला एकदा हवा भरावी लागते. शिवाय पुलांच्या सांध्यांवर थरथर क्षणभर उसळते.

डोल आणि हवा हे दोन धागे एकाच चाकाकडे बोट दाखवतात. खात्रीसाठी सगळ्यात स्वस्त प्रयोग म्हणजे चाकांची अदलाबदल. डावं पुढचं चाक डाव्या बाजूलाच मागे आणि मागचं पुढे लावायचं. बाजू तीच ठेवायची, कारण काही टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले असतात. स्टेपनी पुढे लावून पाहायचा मोह टाळावा. पुष्कळ गाड्यांची स्टेपनी कमी मापाची असते आणि तिच्यावर ८० च्या वर जाऊ नये असं लिहिलेलं असतं. अदलाबदलीनंतर गाडी त्याच रस्त्यावर त्याच वेगाला न्यायची. या उदाहरणात स्टिअरिंग जवळजवळ शांत होतं आणि हलकी थरथर मागच्या सीटखाली जाते. दोष चाकाबरोबर मागे गेला, म्हणजे तो चाकातच आहे. अदलाबदल करूनही स्टिअरिंग होतं तसंच थरथरलं असतं, तर मात्र चाकं सोडून हब, डिस्क आणि सांध्यांकडे वळावं लागलं असतं.

चाक खाली उतरवून तार लावली की आतल्या कडेला अडीच मिलिमीटरचा बाक सापडतो. पहिल्या दुकानाने ३५ ग्रॅम लावून वजनाचा भाग बरोबर सुधारला होता, म्हणून थरथर निम्मी झाली होती. उरलेली निम्मी आकाराची होती, आणि ती दुसऱ्या यंत्राच्या शून्याला दिसणं शक्यच नव्हतं.

रिम बदलली, बॅलन्सिंग अर्धा फेरा फिरवून पडताळलं, चाक पुन्हा पुढे आलं. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग शांत. पण पुलाच्या सांध्यावर अजून दोन सेकंदांची उसळी आहे. ज्या खड्ड्याने रिम वाकवली, त्याने त्याच बाजूच्या लोअर आर्मलाही सोडलेलं नाही. टॉमी घालताच मागचा बुश फाटलेला दिसतो. तो बदलताना एक बारकावा पाळावा लागतो. गाडी लिफ्टवर लटकलेली असताना बुशचा बोल्ट पूर्ण कसला, तर चाकं जमिनीवर टेकताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत पुन्हा फाटतं. म्हणून बोल्ट हातापुरता कसून गाडी चाकांवर उभी करायची आणि मग शेवटचा कस द्यायचा. आर्म हलवला की चाकाचे कोन बदलतात, तेव्हा अलाइनमेंटची पाळी आता येते, सगळ्यात शेवटी.

थरथर हळूहळू वाढलेली असेल, तर हा सगळा शोध सवडीने करता येतो. चाक नुकतंच काढून बसवलेलं असताना ती अचानक सुरू झाली, किंवा काही मिनिटांत वाढत गेली, तर वेग उतरवून गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी आणि आधी नट पाहावेत, मग टायरच्या दोन्ही बाजू. नट सैल झालेलं चाक ६० लाही डोलतं. अलॉय रिम नवी बसवली असेल, तर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर तिचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्यावेत, कारण रिमचं तोंड हबवर बसताना सुरुवातीचा कस थोडा सैल पडतो.